क्रेनियल नर्व्हचा तक्ता: कारणांची यादी नको, नर्व्हची वाट लिहा

प्रश्न: मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात आहे. क्रेनियल नर्व्हच्या नोट्स वेगवेगळ्या वह्यांत होत्या, म्हणून नर्व्ह, काम, बेडसाइड टेस्ट आणि इजेची कारणं असा चार रकान्यांचा तक्ता केला. पण कारणांच्या रकान्यात बाराही ओळींत तेच येतंय: ट्यूमर, स्ट्रोक, इन्फेक्शन, ट्रॉमा. पेशंटसमोर उभं राहिलं की त्या तक्त्यातून काहीच आठवत नाही. तो नेमका कसा भरायचा?

उत्तर:

शेवटचा रकाना आजारांच्या प्रकारांनी भरू नका, जागांनी भरा. पहिल्या दोन सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक नर्व्ह मेंदूत कुठेतरी सुरू होते, ब्रेनस्टेममधून बाहेर पडते, मेंदूभोवतीच्या पाण्यातून जाते, कवटीच्या हाडातून बाहेर येते आणि शेवटी डोळ्यात, चेहऱ्यात किंवा मानेत पोहोचते. या प्रत्येक टप्प्यावर तिचे शेजारी वेगळे असतात आणि तिथे होणारे आजारही वेगळे. ‘ट्यूमर’ असा नुसता शब्द लिहिला तर तो बाराही ओळींत शोभतो आणि कुठेच उपयोगी पडत नाही. ‘पॅरोटिडमधला ट्यूमर’ लिहिले की तो फक्त सातव्या नर्व्हच्या ओळीत बसतो, आणि पेशंटच्या कानाखाली हात लावून बघायचे हेही आपोआप आठवते.

कागद आडवा धरा. चार रकाने ठेवा, पण शेवटचा बाकीच्या तिन्हींपेक्षा बराच रुंद करा. त्यात कारणे आतून बाहेर या क्रमाने लिहा: ब्रेनस्टेमच्या वरचे, ब्रेनस्टेममधले, पाण्यातले, हाडातले, कवटीबाहेरचे. प्रत्येक नर्व्हला पाचही टप्पे लागू पडणार नाहीत. जे लागू नाहीत ते मोकळे सोडा.

सातवी नर्व्ह आधी पूर्ण भरा. कवटीच्या हाडातली तिची वाट सगळ्यांत लांब आणि वळणांची आहे. ती ओळ नीट जमली की बाकीच्या ओळी कशा भरायच्या ते वेगळे सांगावे लागत नाही.

‘कामा’च्या रकान्यात नुसते ‘चेहऱ्याचे स्नायू’ लिहून थांबू नका. प्रत्येक काम सुटे लिहा, कारण त्याच्यासमोर एक तपासणी यायला हवी. सातवीची कामे अशी: चेहऱ्याच्या हालचाली, जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव, अश्रू आणि जबड्याखालच्या ग्रंथींची लाळ, आणि कानातला स्टेपिडियस हा इवलासा स्नायू चालवणे. ज्या कामासमोर खाटेजवळची तपासणी लिहिता येत नाही, तिथे निदान विचारायचा प्रश्न लिहा. स्टेपिडियसची टेस्ट आपण वॉर्डात करत नाही, पण ‘त्या कानाला भांड्यांचा आवाज जास्त मोठा वाटतो का?’ असे नक्की विचारतो.

तपासणीच्या रकान्यात पेशंटला म्हणायची वाक्ये जशीच्या तशी मराठीत लिहून ठेवा. परीक्षेत आणि कॅज्युअल्टीतही इंग्रजी वहीतून मराठी वाक्य शोधताना विद्यार्थी अडखळतात. ‘भुवया वर उचला, कपाळाला आठ्या पाडा.’ ‘डोळे घट्ट मिटा, मी उघडायचा प्रयत्न करतो, उघडू देऊ नका.’ ‘दात दाखवा.’ ‘गाल फुगवा.’ आणि प्रत्येक वाक्यापुढे काय पाहायचे ते: आठ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का, पापण्यांचे केस दोन्हीकडे सारखे आत दबतात का, तोंडाचा कोपरा कुठल्या बाजूला ओढला जातो.

कपाळाचा मुद्दा याच रकान्यात ठळक करा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, चेहऱ्याच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे वरच्या टप्प्यावर इजा झाली तर कपाळ वाचते आणि तोंडाचा कोपरा पडतो. न्यूक्लियसपासून पुढे कुठेही इजा झाली तर कपाळासकट अख्खी अर्धी बाजू जाते. पण लक्षात घ्या, ‘अख्खी बाजू गेली म्हणजे बेल्स पाल्सी’ असा याचा अर्थ नाही. पॉन्समधला स्ट्रोकही अख्खी बाजू घेऊन जातो, कारण पॉन्समध्ये सातवीचे न्यूक्लियस आणि तिचे धागेच असतात.

आता कारणांची वाट. पॉन्समध्ये सातवीचे धागे सहाव्या नर्व्हच्या न्यूक्लियसला वळसा घालून बाहेर येतात. म्हणून इथे इजा झाली की बहुधा डोळाही अडकतो. तिथून ती पॉन्स आणि सेरेबेलम यांच्यामधल्या कोपऱ्यात, सेरेबेलोपॉन्टाइन अँगलमध्ये येते. तिथे आठवी तिच्या अगदी शेजारी आणि पाचवी जवळच. मग आठवीच्या सोबतीने ती कानाच्या हाडात शिरते आणि तिथल्या बारीक बोगद्यातून वळणे घेत जाते. बेल्स पाल्सीत नर्व्ह सुजते ती इथेच, आणि हाड फुगत नसल्यामुळे दबते. नागिणीचा विषाणू, मधल्या कानातला पू, कोलेस्टिएटोमा आणि हाडाचे फ्रॅक्चर याच टप्प्यात. शेवटी ती स्टायलोमॅस्टॉइड भोकातून बाहेर पडते आणि पॅरोटिड ग्रंथीत तिच्या फांद्या फुटतात.

चव, अश्रू आणि आवाज यांवरून बोगद्यात नेमके कुठे नुकसान आहे ते सांगायची पद्धत जुन्या पुस्तकांत आहे. ती वाट समजायला उत्तम आहे, पण प्रत्यक्ष पेशंटमध्ये इतकी चोख जुळत नाही. तेवढ्यावर जागा पक्की करू नका.

प्रत्येक कारणाच्या शेजारी एक छोटी नोंद वेळेची करा. झटक्यात आले तर रक्तवाहिनी. काही तासांत सुरू होऊन साधारण ७२ तासांत पूर्ण पडले तर बेल्स. आठवड्यांमागून आठवडे वाढत गेले तर ट्यूमर. बेल्समध्ये उपचार न करताही साधारण ७० टक्के लोक पूर्ण बरे होतात, आणि स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू केले तर फायदा होतो. म्हणून ‘कधीपासून?’ हा प्रश्न औषधासाठीही लागतो. तीन-चार महिन्यांत चेहरा जराही हलला नाही तर निदान पुन्हा उघडायचे, हेही त्याच ओळीत लिहा.

आपल्याकडच्या तक्त्यात कवटीबाहेरच्या टप्प्यात एक कारण हवेच: कुष्ठरोग. परदेशी पुस्तकांत ते कुठेतरी तळाशी असते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम करणाऱ्या डॉक्टरला ते वर हवे. कुष्ठरोगात गालाच्या हाडावरून कातडीलगत जाणारी झायगोमॅटिक फांदी जाते. त्यामुळे डोळा मिटत नाही, पण तोंडाचा कोपरा बऱ्याचदा ठीक असतो. बोगद्यातल्या इजेत असे सहसा होत नाही, तिथे सगळ्याच फांद्या जातात. त्यात पाचव्या नर्व्हचीही हानी होऊन कॉर्निया बधिर झालेला असेल तर कचरा गेलेला कळत नाही, डोळा मिटत नाही, आणि दृष्टी जाते. म्हणून चेहऱ्यावरचा चट्टा बघा, त्यावर कापसाने संवेदना तपासा आणि मानेत ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह जाड लागते का ते बघा.

आता हा तक्ता वापरून एक पेशंट बघू. साठीचे गृहस्थ, मधुमेह आणि ब्लडप्रेशर दोन्ही. सकाळी उठल्यावर चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने गळाले. तपासले तर डावीकडे कपाळासकट अर्धा चेहरा पडलेला. इथेच थांबले तर चिठ्ठीवर बेल्स पाल्सी लिहून त्यांना घरी पाठवले जाईल. पण ते म्हणतात, ‘डॉक्टर, एकाच्या दोन वस्तू दिसतात.’ सातवी नर्व्ह गेल्याने एकाचे दोन दिसत नाही. तो शब्द ऐकला की सातवीची ओळ सोडून डोळ्यांच्या ओळींकडे जायचे.

हनुवटी धरून, डोके हलू न देता बोटाकडे बघायला सांगितले. डावा डोळा बाहेर, म्हणजे डाव्या कानाकडे, जात नाही. म्हणजे सहावी. उजवा डोळा मात्र डावीकडे वळताना नाकाकडे नीट येतो. हे मुद्दाम बघायचे. सहावीचे न्यूक्लियस गेले असते तर दोन्ही डोळे डावीकडे वळले नसते, कारण त्याच न्यूक्लियसमधून दुसऱ्या डोळ्याला आत वळायचा निरोप जातो. इथे एकच डोळा अडकला आहे, म्हणजे न्यूक्लियस वाचले आहे आणि पुढचे धागे गेले आहेत. मग दोन्ही हात समोर पसरून डोळे मिटायला सांगितले. डोळा डावा मिटेना, पण हात खाली येऊ लागला तो उजवा.

आता तीन गोष्टी हाताशी आहेत: डावी सहावी, कपाळासकट डावी सातवी, उजवा हात. कारणांच्या रकान्यात या तिन्ही एकत्र बसतील अशी जागा शोधा. कानाच्या बोगद्यात सहावी नाही. सेरेबेलोपॉन्टाइन अँगलमध्ये असते तर ऐकण्याची तक्रार आधी यायला हवी होती, आणि तिथला ट्यूमर एका रात्रीत येत नाही. डाव्या पॉन्सच्या पुढच्या-खालच्या भागात सातवीचे धागे, सहावीचे धागे आणि पुढे खाली ओलांडून उजवीकडे जाणारे हातापायांचे धागे एकत्र असतात. झोपेत आलेला, पॉन्सच्या बारीक धमनीचा इन्फार्क्ट. मिलार्ड-गुब्लर सिंड्रोम या नावाने हे शिकवतात, पण नाव आठवले नाही तरी जागा सापडली. हा पेशंट स्ट्रोकचा आहे. बेल्स समजून स्टेरॉइड दिले असते तर साखर वाढली असती आणि स्ट्रोकच्या उपचाराची वेळ गेली असती.

त्याच चेहऱ्यासोबत दुसरे काही आले की जागा सरकते. त्या कानाला कित्येक महिने कमी ऐकू येत असेल आणि त्या बाजूच्या कॉर्नियाला कापूस लावल्यावर दोन्हीकडच्या पापण्या मिटत नसतील तर सेरेबेलोपॉन्टाइन अँगल. कान दुखून कानाच्या पाळीत पाण्याचे फोड आले असतील तर नागीण. याला रॅमसे हंट म्हणतात, आणि यात बरे होण्याचे प्रमाण बेल्सपेक्षा कमी.

तक्त्याच्या तीन ओळी मी कशा लिहितो ते खाली आहे. बाकीच्या तुम्ही याच साच्यात भरा.

| नर्व्ह | काम | सांगायचे आणि पाहायचे | इजेची कारणे, आतून बाहेर |
|---|---|---|---|
| ३, ऑक्युलोमोटर | पापणी उचलणे. डोळा वर, खाली, आत. बाहुली बारीक करणे | ‘समोर बघा’: पापणी पडली का. ‘डोके न हलवता बोटाकडे बघा’: डोळा खाली-बाहेर पडला का. टॉर्च: बाहुलीचा आकार, उजेडाला प्रतिसाद | मिडब्रेन: इन्फार्क्ट, विरुद्ध बाजूचे हात-पाय कमजोर. पाण्यात: पोस्टेरियर कम्युनिकेटिंग धमनीचा फुगा, टीबी मेनिंजायटिस, टेम्पोरल लोब खाली सरकणे. कॅव्हर्नस सायनस: गाठ, बुरशी. नर्व्हमध्येच: मधुमेह |
| ६, अब्ड्युसन्स | डोळा बाहेर वळवणे | ‘कानाच्या बाजूला बोटाकडे बघा’: बाहेरचे पांढरे झाकले जाते का. ‘त्या बाजूला बघितल्यावर दोन चित्रे जास्त लांब होतात का?’ | पॉन्स: इन्फार्क्ट, सोबत ७वी. पाण्यात: टीबी मेनिंजायटिस, वाढलेला प्रेशर (कुठेही गाठ असू शकते). हाडात: कानातला पू टोकापर्यंत गेलेला. कॅव्हर्नस सायनस. नर्व्हमध्येच: मधुमेह |
| ७, फेशियल | चेहरा, चव, अश्रू, लाळ, स्टेपिडियस | ‘आठ्या पाडा, डोळे मिटा, दात दाखवा, गाल फुगवा’. ‘चव लागते का? आवाज मोठा वाटतो का?’ | वर: स्ट्रोक, कपाळ वाचते. पॉन्स: ६वी सोबत. कोपरा: ८वी, ५वी सोबत. बोगदा: बेल्स, नागीण, कानातला पू, फ्रॅक्चर. बाहेर: पॅरोटिड, कुष्ठरोग |

तिसरीच्या ओळीत बाहुलीला जागा जास्त द्या. बाहुली बारीक करणारे धागे नर्व्हच्या पृष्ठभागावरून जातात. बाहेरून धमनीचा फुगा दाबला की ते आधी दबतात आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात नर्व्हच्या गाभ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, वरच्या धाग्यांना रक्त मिळत राहते, म्हणून बाहुली बहुधा वाचते आणि डोळा साधारण तीन महिन्यांत सुधारतो. पण यात एक अट आहे आणि ती वहीत लिहिलेली मी फारशी बघत नाही. पापणी पूर्ण पडली आहे, डोळ्याच्या सगळ्या हालचाली गेल्या आहेत आणि तरीही बाहुली ठीक आहे, अशा वेळीच या नियमाचा भरवसा धरायचा. नर्व्ह अर्धवट गेली असेल तर बाहुली आज ठीक दिसली तरी फुगा असू शकतो आणि उद्या ती मोठी होऊ शकते. दुखण्यावरूनही फरक करू नका. मधुमेहातही डोळ्यामागे चांगले दुखते. शंका असेल तर धमन्यांचा स्कॅन त्याच दिवशी.

सहावीच्या ओळीत ‘वाढलेला प्रेशर’ यासमोर मी कंस का केला ते सांगतो. सहावी बराच पल्ला गाठते आणि कवटीच्या तळाशी एका जागी बांधलेली असते. मेंदूतला प्रेशर वाढला की ती ताणली जाते, मग गाठ कुठेही असो. म्हणून एकटी सहावी गेली तर ती जागा सांगत नाही. डोकेदुखी आणि उलट्या विचारा, फंडस बघा. आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांचा ताप, डोकेदुखी आणि मग एकाचे दोन दिसणे असा क्रम असेल तर टीबी मेनिंजायटिस डोक्यात पहिला यायला हवा. त्याचा चिकट थर मेंदूच्या तळाशी साचतो आणि तिथून जाणाऱ्या नर्व्ह जखडतो.

ओळींचा तक्ता एक गोष्ट दाखवू शकत नाही: एकत्र जाणाऱ्या नर्व्ह. त्यासाठी मागच्या पानावर एक छोटा उलटा तक्ता करा, डावीकडे जागा आणि उजवीकडे तिथून जाणाऱ्या नर्व्ह. चार जागा पुरतात. कॅव्हर्नस सायनसमध्ये ३, ४, ६ आणि पाचवीच्या वरच्या दोन फांद्या. डोळ्याच्या खोबणीच्या टोकाला ३, ४, ६, पाचवीची पहिली फांदी आणि त्यात दुसरी, म्हणजे दृष्टीही. सेरेबेलोपॉन्टाइन अँगलमध्ये ५, ७, ८. जुग्युलर भोकात ९, १०, ११. पहिल्या दोन जागांमधला फरक दृष्टीचा, तो लाल करा. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे पेशंट आले तेव्हा हा फरक रोज लागत होता. गाल बधिर, पापणी पडलेली, डोळा हलत नाही. मग पहिला प्रश्न ‘या डोळ्याने दिसते का?’ हाच असायचा, कारण बुरशी कुठवर पोहोचली ते त्यावरून कळत होते.

बाकीच्या ओळींत फार वेळ घालवू नका. दोन-तीन जागी मात्र विद्यार्थी हमखास घसरतात. कॉर्नियाचा रिफ्लेक्स पाचवीच्या ओळीतही लिहा आणि सातवीच्याही. निरोप आत नेते पाचवी, पापणी मिटवते सातवी. डाव्या कॉर्नियाला स्पर्श केल्यावर डावा डोळा मिटला नाही पण उजवा मिटला, तर पाचवी ठीक आहे आणि डावी सातवी गेली आहे. दोन्ही मिटले नाहीत तर डावी पाचवी.

जीभ आणि टाळू यांची दिशा उलट-सुलट होते. जीभ इजेच्या बाजूला वळते, पडजीभ इजेपासून दूर. बारावीच्या ओळीत आणखी एक वाक्य लिहा: ‘वाकलेपण दातांच्या मधल्या फटीवरून मोजा.’ चेहरा एका बाजूला पडला असेल तर ओठांचा कोपरा सरकतो आणि सरळ बाहेर आलेली जीभही वाकडी वाटते. फडफड बघायची असेल तर जीभ तोंडात सैल ठेवून बघा. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते.

औषधांचीही नोंद त्या-त्या ओळीत ठेवा. दुसरीसमोर एथॅम्ब्युटॉल, आठवीसमोर स्ट्रेप्टोमायसिन आणि अमिकॅसिन. टीबीची औषधे चालू असलेल्या पेशंटला रंग ओळखता येतात का आणि ऐकू कमी येते का, हे दर भेटीत विचारायचे असते. अकरावीसमोर मानेतल्या गाठीची बायोप्सी लिहा. मानेच्या बाजूच्या त्रिकोणात ही नर्व्ह अगदी कातडीलगत असते, आणि गाठ काढल्यानंतर खांदा उचलता येत नाही म्हणून पेशंट परत येतो.

तक्त्याच्या तळाशी एक जास्तीची ओळ आखा: नर्व्ह ठीक असूनही असेच दिसणारे आजार. मायस्थेनियात पापण्या पडतात, एकाचे दोन दिसते, पण संध्याकाळी वाढते, विश्रांतीने सुधारते आणि बाहुली नेहमी ठीक असते. या ओळीत मण्यार चावल्याचीही नोंद हवी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, सकाळी दोन्ही पापण्या जड, गिळता येत नाही. दंशाची खूण बहुधा सापडत नाही, सूज नसते. दोन्ही बाजूंच्या ३, ६, ७, ९, १० एकाच वेळी गेल्या असे तक्त्यात दिसू लागले तर नर्व्ह मोजत बसू नका. उशीवरून मान उचलता येते का आणि एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजता येतात ते बघा. आकडे कमी होत चालले की श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करा, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष त्याआधीच सुरू झालेले असू द्या.